अनुस्वार कुठे हरवतो?

जुन्या पुस्तकातल्या छापील पानाचा फोटो काढावा आणि त्यातला मजकूर मोबाइलनेच टाइप करून द्यावा, ही सोय आता इंटरनेटशिवायही मिळते. गूगलच्या एमएल किटमध्ये देवनागरी वाचणारा वेगळा भाग आहे. अ‍ॅप तयार करणाऱ्याने तो न जोडता रोमन लिपीचाच भाग ठेवला, तर मराठी ओळींच्या जागी विस्कळीत इंग्रजी अक्षरे उमटतात. हा बिघाड लगेच कळतो.

योग्य भाग जोडूनही 'अंगणात'चे 'अगणात' होते, तेव्हा कारण शोधावे लागते. ते बहुतेकदा फोटोच्या आकारात सापडते.

समजा, चौदा सेंटिमीटर रुंदीचे पान फोटोच्या चौकटीत बरोबर बसले आहे. पूर्ण फोटोची रुंदी ३००० पिक्सेल असेल, तर एका मिलिमीटरला साधारण २१ पिक्सेल मिळतात. तीन मिलिमीटरचे अक्षर सुमारे ६४ पिक्सेल उंच होते आणि अर्ध्या मिलिमीटरहून लहान अनुस्वारालाही आठ-नऊ पिक्सेल मिळतात. पण अनेक अ‍ॅप्स फोटो न काढता कॅमेऱ्यासमोरचे चालू दृश्यच वाचतात. अँड्रॉइडच्या कॅमेराएक्समध्ये अशा वाचनासाठी सुरुवातीला ठरलेला आकार ६४० बाय ४८० असतो. उभे पान ४८० पिक्सेलमध्ये मावले, की तेच अक्षर दहा पिक्सेलांवर येते आणि अनुस्वाराला जेमतेम दीड पिक्सेल उरतो. एमएल किटला प्रत्येक अक्षर किमान १६ बाय १६ पिक्सेलचे लागते. २४ च्या पुढे फारसा फायदा होत नाही. म्हणून मोठा स्थिर फोटो घ्यावा, किंवा पान अर्धे-अर्धे टिपावे.

फोटो स्पष्ट असूनही काही जोड्या फसवतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यातला फरक छोट्याशा रेघेचा किंवा गाठीचा असतो. शाई पसरली की तो बुजतो. बांधणीजवळ पान वाकते, तिथे शिरोरेषाही वाकते आणि वरच्या मात्रा चुकतात. पान सपाट दाबून, सावली टाळून पुन्हा फोटो घेतल्यावर चुका कमी झाल्या, तर दोष पानाच्या वाकण्यात किंवा प्रकाशात होता असे समजावे.

उरलेल्या चुकांसाठी शब्दकोश लावता येतो, पण त्याला मर्यादा आहे. 'अगणात' कोशात नाही, म्हणून तो पकडला जातो. 'घर'चे 'धर' झाले तर दोन्ही शब्द खरे असल्याने कोश गप्प राहतो. आडनावे आणि गावांची नावे तर कोशात नसल्यामुळे बरोबर असूनही चुकीची ठरू शकतात. त्यामुळे शब्द आपोआप बदलण्याऐवजी संशयितांना फक्त खूण करणे बरे.

तपासणी सोपी करण्याची सोयही याच साधनात आहे. प्रत्येक ओळ फोटोत नेमकी कुठे आहे, हे ते सांगते. तेवढाच तुकडा कापून टाइप झालेल्या ओळीच्या वर दाखवला, की वाचणाऱ्याला पुस्तक उघडावे लागत नाही. 'धर' दिसताच मूळ 'घ' वरच्याच तुकड्यात सापडतो.