अ‍ॅस्पिरिन झालं का? आयआरला विचारा!

सॅलिसिलिक आम्ल पांढरं. त्यावर अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड घालून बनवलेलं अ‍ॅस्पिरिनही पांढरंच. प्रॅक्टिकलच्या शेवटी फिल्टर पेपरवर उरलेली पूड या दोघांपैकी कोणाची, हे नुसतं बघून कळत नाही. इन्फ्रारेड, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘आयआर’, ते काही मिनिटांत सांगतो. मात्र आलेखातला प्रत्येक पीक तुमच्या पदार्थाचाच असेल असं नाही. एखादा पावसाळी हवेचा असतो, एखादा तुमच्याच श्वासाचा, आणि एखादा तुमच्या आधी येऊन गेलेल्या बॅचचा!

काच चालत नाही, मीठ चालतं

काचेतून आपल्याला आरपार दिसतं, पण तरंगसंख्या साधारण 2000 प्रति सेंटिमीटरच्या खाली गेली की इन्फ्रारेडला काच म्हणजे भिंतच. (पुढचे सगळे आकडे याच एककात.) पोटॅशियम ब्रोमाइड हे मीठ मात्र 4000 पासून थेट 400 पर्यंत वाट मोकळी ठेवतं. म्हणून घन पदार्थ ‘केबीआर’मध्ये मिसळून त्याची पेलेट दाबतात. पदार्थ घ्यायचा 1 ते 2 मिलिग्रॅम आणि केबीआर 100 ते 200 मिलिग्रॅम. म्हणजे चकतीत पदार्थ जेमतेम एक टक्का, बाकी सगळं मीठ. नवशिके हमखास जास्त पूड घालतात. मग मोठे पीक आलेखाच्या तळाला टेकून सपाट होतात आणि त्यांचं टोक नेमकं कुठे होतं ते कळायचं राहून जातं.

मिश्रण अगेटच्या खलात घोटायचं, 13 मिलिमीटरच्या डायमध्ये भरायचं आणि हायड्रॉलिक प्रेसवर 8 ते 10 टन भार द्यायचा. एवढ्या दाबाखाली केबीआरचे कण पसरतात, एकमेकांना चिकटतात आणि पांढऱ्या भुकटीची काचेसारखी चकती होते.

घोटण्यात आळस केला की आलेख लगेच चुगली करतो. पदार्थाचे कण दोन-अडीच मायक्रॉनपेक्षा मोठे राहिले तर ते प्रकाश इकडेतिकडे उधळतात. 4000 च्या बाजूला आलेखाची आधाररेषा घसरलेली दिसते आणि पीक एका बाजूला झुकतात. असं दिसलं की मशीनला दोष न देता चकती फोडायची आणि पुन्हा खल हातात घ्यायचा.

जुलैतला केबीआर

केबीआर हवेतलं पाणी ओढून घेतो. त्यामुळे तो 110 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलै महिन्यात हा नियम मोडून बघा! 3400 च्या आसपास एक रुंद फुगवटा आणि 1640 च्या जवळ त्याचा धाकटा जोडीदार हजर. दोघं सहसा जोडीनेच येतात, हीच पाण्याची ओळख. शंका फिटत नसेल तर नुसत्या केबीआरची पेलेट दाबून तिचा आलेख घ्यावा. फुगवटा तिथेही असेल तर तो तुमच्या पदार्थाचा नाही.

हिऱ्यावर चिमूटभर पूड

एवढा खटाटोप नको असेल तर एटीआर. छोट्या हिऱ्यावर चिमूटभर पूड ठेवायची, वरून स्क्रूने दाबायची, आलेख घ्यायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हिरा पुसायचा. ना खल, ना मीठ. प्रकाश हिऱ्याच्या आतूनच परावर्तित होतो आणि पृष्ठभागाला टेकलेल्या पदार्थात जेमतेम शिरतो. 1000 च्या जवळ ही खोली सुमारे 2 मायक्रॉन, तर 3000 च्या जवळ त्याच्या एक तृतीयांश. म्हणून केबीआरच्या आलेखात ठसठशीत दिसणारे कार्बन-हायड्रोजनचे पीक इथे मलूल वाटतात. पदार्थ तोच असतो. बाकीचे पीकही थोडे खालच्या आकड्याकडे सरकतात, त्यामुळे एटीआरचा आलेख केबीआरच्या छापील आलेखावर ठेवून तंतोतंत जुळवायला जाऊ नये.

आता गंमत बघा. जठरात विरघळू नये म्हणून वरून लेप दिलेली अ‍ॅस्पिरिनची अख्खी गोळी हिऱ्यावर दाबली, तर आलेखात अ‍ॅस्पिरिन सापडतच नाही! लेप त्या दोन मायक्रॉनपेक्षा कितीतरी जाड असतो, त्यामुळे मिळतो तो फक्त लेपाचा आलेख. गोळी आधी फोडावी आणि आतल्या भागाची पूड घ्यावी.

आणि बॅकग्राउंड घेताना हिरा कोरा नसेल तर? आधीच्या विद्यार्थ्याच्या पदार्थाचे पीक तुमच्या आलेखात उलटे, चुकीच्या दिशेने तोंड करून उगवतात. 2350 च्या जवळ दुहेरी शिंग दिसलं तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड. बॅकग्राउंड आणि नमुना यांच्या मधल्या वेळात मशीनवर वाकून गप्पा मारल्या की हे शिंग हमखास डोकावतं.

आता वाचा

अ‍ॅस्पिरिनच्या आलेखात नजर आधी 1800 ते 1600 या पट्ट्यावर जाऊ द्या. तिथे कार्बोनिलचे दोन दणकट पीक शेजारी शेजारी दिसायला हवेत. 1750 च्या जवळचा एस्टरचा, 1690 च्या जवळचा आम्लाचा. दोन्हीकडे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंधच आहे, मग 60 चा फरक कसा? आम्लाचा कार्बोनिल शेजारच्या रेणूशी हायड्रोजन बंधाने बांधलेला असतो, शिवाय बेंझिनच्या कड्याशी त्याची थेट सलगी. दोन्हींमुळे बंध सैलावतो आणि आकडा उतरतो. एस्टरच्या मागे ही ओढाताण नाही.

सॅलिसिलिक आम्लात 1750 चा पीक नसतोच. त्याचा एकुलता एक कार्बोनिल आणखी खाली, 1660 च्या आसपास असतो, कारण शेजारच्याच फिनॉलचा हायड्रोजन त्याला रेणूच्या आतल्या आत धरून ठेवतो. त्या फिनॉलचा स्वतःचा पीक 3240 च्या जवळ ठळक दिसतो. म्हणजे निकाल सोपा आहे: 1750 उगवला, 3240 मावळला, तर अ‍ॅस्पिरिन झालं.

विद्यार्थी गडबडतात ते आम्लाच्या ओएचपाशी. पाठ केलेलं असतं की ‘ओएच म्हणजे 3400’. अ‍ॅस्पिरिनच्या चांगल्या आलेखात तिथे काहीच नसतं, कारण हायड्रोजन बंधांमुळे हा ओएच 3300 पासून 2500 पर्यंत खडबडीत पसरतो आणि कार्बन-हायड्रोजनचे बारीक पीक त्याच्याच अंगावर बसतात. मग ओला केबीआर मदतीला धावून येतो! 3400 वर पाण्याचा फुगवटा दिसला की पोरं खुशीत त्यावर बाण काढून ‘ओएच’ लिहून मोकळी. असं जर्नल तपासणाऱ्या परीक्षकाने 1640 कडे बोट दाखवून ‘मग हा कोण?’ एवढंच विचारलं तरी पुरतं.

दहा पैशांची बाटली

एवढं सगळं केल्यावरही एक फट राहते. अ‍ॅस्पिरिनमध्ये एक-दोन टक्के सॅलिसिलिक आम्ल उरलं असेल, तर त्याचे पीक अ‍ॅस्पिरिनच्या पिकांखाली दडतात आणि आलेख दिसायला चोख दिसतो. कोपऱ्यातली फेरिक क्लोराइडची बाटली मात्र फसत नाही. पूड थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची आणि त्यात बाटलीतल्या पिवळसर द्रावणाचे एक-दोन थेंब टाकायचे. फिनॉलचा ओएच मोकळा सापडला की रंग जांभळा होतो. जांभळी झाक आली तर पूड पुन्हा स्फटिकीकरणाला टाकायची आणि आयआरसाठी रांगेत नंतर उभं राहायचं.