इनडायरेक्टचे दिवस

1 जुलै 2025 पासून फुटबॉलच्या नियमांतून एक शिक्षा गेली. गोलरक्षकानं आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून ठेवला, तर आता समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. आधी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि ती मोडली की मिळायची इनडायरेक्ट फ्री किक, तीही गोलच्या अगदी तोंडाशी. बदलाचं बहुतेकांनी स्वागत केलं. वेळकाढूपणाला चाप बसेल, हे मलाही मान्य आहे. पण ज्या शिक्षेवर आमच्या पिढीनं जीव लावला, तिचं उरलंसुरलं अर्धं घर यात गेलं, हे कुणी बोललंच नाही.

शिक्षा म्हटली की आधी कार्डं आठवतात. त्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ती उरकून घेतो. 1966 च्या विश्वचषकात वेम्बलीवर अर्जेंटिनाच्या रॅटिनला जर्मन पंचांनी बाहेर काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येईना आणि रॅटिन काही केल्या मैदान सोडीना. त्या स्पर्धेत पंचांचा कारभार पाहणारे केन ॲस्टन गाडीतून घरी जाताना सिग्नलपाशी थांबले आणि पिवळ्या-लाल रंगांची कल्पना त्यांना तिथे सुचली. 1970 ला मेक्सिकोत कार्डं आली. त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही. ते पहिल्यांदा 1974 ला चिलीच्या कास्झेलीला दिसलं. पुढची पंधरा वर्षं नियमांच्या बाबतीत मला कंटाळवाणीच वाटतात.

खरी गंमत सुरू झाली ती 1990 ला, आणि सुरुवात अत्यंत रटाळ होती. इटलीतला विश्वचषक आम्ही कोल्हापुरात दूरदर्शनवर पाहिला. रात्री साडेबाराचा सामना संपेपर्यंत गल्लीतले अर्धे लोक झोपलेले असायचे, आणि दोष त्यांचा नव्हता. सामन्यामागे सरासरी 2.21 गोल पडले. पालेर्मोतला आयर्लंड-इजिप्त सामना 0-0 सुटला. त्यात आयर्लंडचा गोलरक्षक पॅकी बोनर याच्या हातात चेंडू सगळा मिळून सहा मिनिटांच्या आसपास होता, असं सांगतात. युक्ती साधी होती. बचावपटूनं मागे पास द्यायचा, गोलरक्षकानं तो हातात उचलायचा, थोडं थांबायचं, बाजूच्या बचावपटूकडे सोडायचा, त्यानं पुन्हा मागे द्यायचा. हात लावायला बंदी नव्हती, त्यामुळे पंचाला शिट्टी वाजवायला कारणच नव्हतं.

त्याच स्पर्धेत दुसऱ्या टोकाला धसमुसळेपणा होता. मिलानच्या सलामीच्या सामन्यात कॅमेरूनच्या मासिंगनं पळत्या कॅनिजियाला असं आडवं केलं की मासिंगचा स्वतःचाच बूट उडाला. दोन खेळाडू बाहेर गेले तरी नऊ जणांच्या कॅमेरूननं विश्वविजेत्या अर्जेंटिनाला 1-0 हरवलं. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा मॉन्झॉन बाहेर गेला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं लाल कार्ड. त्याच्यामागून डेझोट्टीही गेला. स्पर्धेत एकूण 16 लाल कार्डं निघाली. म्हणजे एकीकडे खेळाडू एकमेकांना तुडवत होते, दुसरीकडे खेळतच नव्हते. नियम करणाऱ्यांना दोन वेगळ्या रोगांवर दोन वेगळी औषधं हवी होती, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी ती दिली.

पहिलं औषध 1992 च्या जुलैत आलं. त्याच्या काही आठवडे आधी डेन्मार्कनं युरो जिंकला. गोथेनबर्गच्या अंतिम सामन्यात आघाडी घेतल्यावर ते गोलरक्षक शमायकेलकडे चेंडू मागे देत राहिले आणि तो उचलत राहिला. जुन्या युक्तीचा तो शेवटचा मोठा खेळ. नव्या नियमात, सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातानं उचलला तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. डोक्यानं किंवा छातीनं दिला तर चालतो; पण नियमाला बगल द्यायला कुणी चेंडू मुद्दाम पायावरून डोक्यावर घेऊन मागे ढकलला, तर त्यालाच पिवळं कार्ड.

इथे आमच्या गॅलरीत पिढ्यानपिढ्या चालत आलेला घोटाळा सांगितलाच पाहिजे. प्रतिस्पर्ध्याला लाथ मारणं, पाडणं, ढकलणं, ओढून धरणं, अंगावर उडी घेणं किंवा चेंडूला मुद्दाम हात लावणं, हे डायरेक्टचे गुन्हे. यात थेट गोलवर मारता येतं, आणि बचाव करणाऱ्या संघानं हा गुन्हा आपल्या मोठ्या डीत केला तर पेनल्टी. इनडायरेक्टचे गुन्हे वेगळ्या जातीचे. कुणाच्या तोंडाजवळ पाय उचलला पण लागला नाही, चेंडू खेळण्याच्या टप्प्यात नसताना स्पर्श न करता नुसती वाट अडवली, गोलरक्षकाला चेंडू सोडू दिला नाही, ऑफसाइड, बॅकपास. यात मारणाऱ्यानंतर चेंडू आणखी कुणाला तरी लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. थेट जाळ्यात गेला तर बचाव करणाऱ्यांना गोल किक. तोच उचललेला पाय तोंडाला लागला, की गुन्हा डायरेक्टचा होतो.

ओळखायची खूण पंचाचा हात. तो सरळ डोक्यावर उभा राहिला की इनडायरेक्ट, आणि दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत किंवा चेंडू बाहेर जाईपर्यंत तो खाली येत नाही. पंच हात वर करायला विसरला आणि चेंडू थेट जाळ्यात गेला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. आमच्याकडच्या पेठांच्या सामन्यात एका पंचानं डीतल्या नुसत्या उंच पायाला सरळ पेनल्टी दिली होती. पाय कुणालाही लागला नव्हता, हे गॅलरीतून दिसलं. त्यांना दोन यार्डांवरून दिसलं नाही. नाव घेत नाही, पण त्या पेनल्टीनं गेलेली स्पर्धा मी अजून विसरलेलो नाही.

कार्डाचा हिशेब याहून निराळा. किक कोणती, हे गुन्ह्याची जात ठरवते. कार्ड कोणतं, हे गुन्ह्याची तीव्रता. निष्काळजीपणे पाडलं तर फक्त डायरेक्ट फ्री किक. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता घुसला तर पिवळं. अतिरेकी जोर लावून त्याला इजा होईल असं केलं तर लाल. आणि या दोन हिशेबांची जोडी कशीही जमू शकते: खेळ चालू असताना पंचाला शिवी दिली, तर खेळाडूला लाल कार्ड, पण खेळ सुरू होतो इनडायरेक्टनंच. उलट, गोलरक्षकानं बॅकपास उचलून होणारा गोल वाचवला तरी त्याला कार्ड नाही.

आता नव्वदच्या दशकातली माझी आवडती दृश्यं. बॅकपास गोलच्या अगदी जवळ उचलला गेला, तर किक छोट्या डीच्या रेषेवरून घेतात, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटरवरून. प्रतिस्पर्ध्यांना 9.15 मीटर दूर राहावं लागतं. पण मागे तेवढी जागाच नसते, म्हणून दोन खांबांमधल्या गोलरेषेवर उभं राहण्याची मुभा असते. मग अकराच्या अकरा जण रेषेवर खांद्याला खांदा लावून उभे! एक आघाडीवीर चेंडूला पाय लावणार, दुसरा मारणार, आणि चेंडू हलताच ती भिंत अंगावर धावून येणार. 1997 पर्यंत चेंडू स्वतःच्या परिघाएवढा सरकल्याशिवाय तो खेळात आला असं धरत नव्हते, त्यामुळे पहिल्या पायाला नीट ढकलावं लागे आणि भिंतीला तेवढा वेळ मिळे. नंतर नुसता हलला तरी पुरे झालं. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट आल्यावर उडते, तशी धांदल उडायची. बहुतेकदा गोल व्हायचाच नाही. चेंडू कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून तिसरीकडेच जायचा, तरी आम्ही बाकावर उभे असायचो.

दुसरं औषध कार्डांचं. स्पष्ट गोलसंधी फाउल करून हिरावली तर लाल, हे दशकाच्या सुरुवातीलाच ठरलं. 1998 च्या फ्रान्समधल्या विश्वचषकाआधी मागून केलेल्या धोकादायक टॅकलला लाल कार्डाचा हुकूम निघाला आणि स्पर्धेत 22 कार्डं निघाली. हेतू उत्तम होता. पण लाल कार्ड ही अशी शिक्षा आहे, की चुकली तर भरून निघत नाही. उपान्त्य सामन्यात लोराँ ब्लाँनं क्रोएशियाच्या बिलिचला हातानं ढकललं. बिलिच असा कोसळला की जणू ठोसाच बसला. ब्लाँला लाल. फ्रान्सनं घरच्या मैदानावर विश्वचषक उचलला तेव्हा तो अंतिम सामना त्याला बाहेरून पाहावा लागला. माझा राग बिलिचवर आहे, आणि तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत कमी झालेला नाही.

2000 साली गोलरक्षकाची चार पावलांची जुनी अट जाऊन सहा सेकंदांची आली. मोजणाऱ्यानं मोजावं, न मोजणाऱ्यानं सोडावं, असा तो नियम निघाला. पंच मोजतच नव्हते, कारण शिक्षा त्यांनाच जड वाटे. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या उपान्त्य सामन्यात एका पंचबाईंनी मोजलं. ओल्ड ट्रॅफर्डवर कॅनडा 3-2 नं पुढे होता, सामना संपत आला होता. गोलरक्षक एरिन मॅकलाउडनं चेंडू रेंगाळत ठेवला आणि अमेरिकेला डीत इनडायरेक्ट मिळाली. रॅपिनोचा फटका कॅनडाच्या बचावपटूच्या हाताला लागला, म्हणजे लगेच डायरेक्टचा गुन्हा, म्हणजे पेनल्टी. वॉमबाकनं बरोबरी केली, जादा वेळेत अमेरिका 4-3 नं जिंकली. पंचबाईंवर जगानं तोंडसुख घेतलं. नियमानं त्या बरोबर होत्या. पण इतर पंच तो कधीच लावत नव्हते, त्यामुळे कॅनडाला तो अन्याय वाटला, हेही खरं. 2015 ला लिव्हरपूलच्या मिन्योलेनंही बोर्दोविरुद्ध असाच घोळ घातला. त्या इनडायरेक्टवर सैवेनं गोल केला, तेव्हा मी टीव्हीसमोर एकटाच टाळ्या वाजवल्या.

आता आठ सेकंद, शेवटची पाच पंच बोटांवर दाखवतो, आणि शिक्षा कॉर्नरची. शिक्षा हलकी आहे म्हणून पंच ती देतील, हा युक्तिवाद मला पटतो आणि तरीही आवडत नाही. कॉर्नर सामन्यात दहा वेळा मिळतो. चुकार गोलरक्षकाला त्याची काय भीती?

बॅकपासची इनडायरेक्ट अजून शाबूत आहे, पण ती दिसते कुठे? 2010 ला पोर्तोविरुद्ध आर्सेनलच्या फाबियान्स्कीनं कॅम्पबेलचा पास उचलला, पंचांनी चेंडू मागून घेतला, मिकाएलनं झटकन फाल्काओला दिला आणि आर्सेनलचे लोक वाद घालत असताना गोल झाला. तसं हल्ली घडत नाही. 1992 च्या नियमानं गोलरक्षकांना पाय वापरायला इतकं पक्कं शिकवलं, की आजचा एडरसन दबावाखालीही चाळीस मीटरचा पास अचूक देतो आणि बॅकपासला हात लावण्याचा विचारही करत नाही. नियम जिंकला, आणि गोलरेषेवर अकरा जण उभे राहायची वेळच येईनाशी झाली.