पहिल्यांदा एपिलेटर वापरताना

1986 साली इस्राएलमधल्या हागोश्रिम नावाच्या किबुत्झमधून ‘एपिलेडी’ हे यंत्र बाजारात आलं. त्यात वाकवलेली एक स्प्रिंग गरगर फिरायची, तिच्या वेटोळ्यांत केस अडकायचे आणि मुळासकट उपटले जायचे. आजच्या एपिलेटरमध्ये स्प्रिंगऐवजी बारीक चिमट्यांची रांग फिरते, पण काम तेच: केस मुळापासून ओढून काढायचा. म्हणूनच दोन-चार आठवडे पाय गुळगुळीत राहतात, आणि म्हणूनच पहिल्या वेळी डोळ्यांतून पाणी येतं.

दुखणं किती, हे बरंचसं केसाच्या लांबीवर ठरतं. दोन ते पाच मिलिमीटरचा केस चिमट्यात नीट सापडतो. त्याहून लांब असला तर तो गुंडाळत जातो आणि त्वचेला ओढ बसते. फारच आखूड असला तर चिमटा त्याला अर्धवट पकडतो आणि केस मुळातून येण्याऐवजी मध्येच तुटतो. दुखणं निदान तासाभरात विसरलं तरी जातं. हा तुटलेला केस मात्र दोन-तीन आठवड्यांनी त्रास देतो, कारण त्वचेखाली उरलेलं त्याचं टोक वर येण्याऐवजी आतच वळू शकतं.

समजा, एखादी तरुणी आजवर रेझरच वापरत आली आहे आणि तिला शनिवारी रात्री एपिलेटर वापरून पाहायचा आहे. पायांवरचा केस दिवसाला साधारण पाव मिलिमीटर वाढतो. त्यामुळे तिनं शेवटचा रेझर आठ-दहा दिवस आधी फिरवलेला बरा. शुक्रवारी अंघोळीच्या वेळी मऊ स्क्रबनं किंवा ओल्या पंचानं हलक्या हातानं पाय चोळायचे, म्हणजे मृत त्वचा निघून दबलेले केस मोकळे होतात. शनिवारी रात्री कोमट पाण्यानं अंघोळ करून पाय अगदी कोरडे करायचे. तेल किंवा लोशन लावायचं नाही, त्यानं केस चिमट्यातून निसटतात.

सुरुवात पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं करावी. तिथं मांस भरलेलं असल्यानं कमी दुखतं. यंत्र कमी वेगावर, त्वचेला काटकोनात धरून, केसांच्या वाढीच्या उलट दिशेनं न दाबता सावकाश सरकवायचं. मोकळ्या हातानं त्वचा ताणून धरायची. एकाच जागी घाईघाईनं पुढं-मागं फिरवलं की केस तुटतात. यंत्र जाऊनही काळे ठिपके उरले आणि बोट फिरवल्यावर ते टोचले, तर केस उपटले न जाता तुटले, असं समजावं. नडगी, घोटा आणि गुडघ्यामागची लवण शेवटी घ्यायची. असह्य झालं तर एक पाय आज, दुसरा उद्या.

मेडिकलमधून आणलेलं बधिर करणारं क्रीम दोन्ही पायांभर चोपडणं मात्र धोक्याचं आहे. मोठ्या भागावर लावलेलं लिडोकेन रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं आणि झटकेही आणू शकतं. त्यापेक्षा काम झाल्यावर गार पाण्याची पट्टी ठेवणं बरं. केसांच्या मुळांशी उठलेले लाल ठिपके बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत बसतात, म्हणून लग्नाच्या सकाळी हा प्रयोग नको. पुढचा एक दिवस घट्ट लेगिंग, पोहण्याचा तलाव आणि सुगंधी लोशन टाळावं.

आठवड्याभरात पुन्हा थोडे केस डोकावले तर यंत्रात दोष काढू नये. केस आळीपाळीनं वाढतात आणि त्या दिवशी त्वचेखाली असलेले नंतर वर येतात. दर दोन-तीन आठवड्यांनी काढत राहिल्यास एका वेळी कमी केस उपटावे लागतात, त्यामुळे दुखणंही कमी होतं.

दोन-तीन दिवसांनी, लाली गेल्यावर, आठवड्यातून दोनदा हलकं स्क्रब करावं किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं सौम्य लोशन लावावं. एवढं करूनही एखादा केस आत वाढलाच, तर त्वचेखाली बारीक काळी रेघ किंवा वेटोळं दिसतं आणि वर पुटकुळी येते. सुईनं टोकरण्याचा मोह होतो, पण सावळ्या त्वचेवर अशा जखमेचा काळा डाग कित्येक महिने राहतो. दिवसातून दोनदा दहा मिनिटं कोमट कपड्यानं शेकावं, आणि ती जागा बरी होईपर्यंत तिच्यावर यंत्र फिरवू नये. पुटकुळीत पू झाला, ती गरम लागली किंवा लाली पसरू लागली, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. मधुमेह, सुजलेल्या शिरा, एक्झिमा असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी एपिलेटर वापरण्याआधीच डॉक्टरांना विचारायला हवं.