सर्व्हर चालू होता, दार बंद होतं

सकाळी ७.३०
रात्री काठीत वीज गेली होती. पहाटे ती आली आणि मोबाइल सिमवर चालणारा राउटर पुन्हा सुरू झाला. सातपुड्यातल्या या गावातून मी मुंबईत ठेवलेला एक क्लाउड सर्व्हर सांभाळतो.

८.००
लॉगिन करायला गेलो. बराच वेळ काहीच हललं नाही, मग हे आलं:

```
ssh: connect to host 198.51.100.20 port 22: Connection timed out
```

८.१०
नाशिकहून सहकारी मुलीचा फोन. मी लॉगिन होत नसल्याचं सांगताच ती म्हणाली, "दादा, सर्व्हर पडला असेल. थांबवून परत चालू करू?"
"नको, थांब. आधी वेबसाइट उघडून बघ."
वेबसाइट लगेच उघडली. मशीन जिवंत होतं. या सर्व्हरला इलॅस्टिक आयपी जोडलेला नाही. तो थांबवून चालू केला असता, तर त्याचा सार्वजनिक पत्ता बदलला असता आणि चालू वेबसाइटही बंद पडली असती.

८.२०
"Connection refused" आलं असतं, तर निरोप बहुधा मशीनपर्यंत पोचला, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, असा अर्थ झाला असता. "timed out" म्हणजे उत्तरच नाही. सिक्युरिटी ग्रुप नियमात न बसणारा निरोप मुकाट्याने टाकून देतो, त्यामुळे बंद मशीन आणि बंद दार बाहेरून सारखंच दिसतं. वेबसाइटचा ४४३ पोर्ट सर्वांना खुला आहे, २२ मात्र फक्त माझ्या घरच्या पत्त्याला.

८.३५
आजचा पत्ता विचारला:

```
curl https://checkip.amazonaws.com
203.0.113.84
```

नियमात होतं `203.0.113.47/32`. `/32` म्हणजे नेमका एकच पत्ता. राउटर सुरू होताना कंपनीने नवा पत्ता दिला होता.

८.४५
नवा पत्ता घातला, लगेच लॉगिन झालं. सर्व्हर रिस्टार्ट करावा लागला नाही. जुना नियम काढून टाकला, कारण तो पत्ता आता दुसऱ्या कुणाकडे असू शकतो.

दुपारी १.००
सहकारी मुलीने विचारलं, "२२ सगळ्यांनाच खुला केला तर?" नाही. `0.0.0.0/0` लिहिलं की जगभरातून पासवर्ड आजमावणारे येतात. पण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. म्हणून `/32` म्हणजे फक्त माझं घर, असंही नाही. खरी राखण एसएसएच कीचीच.

सायंकाळी ५.००
सेशन मॅनेजर बसवला. यात सर्व्हरवरचा एजंट स्वतःच ४४३ वरून बाहेर जोडणी करतो. आत येण्यासाठी पोर्ट उघडावा लागत नाही आणि माझा पत्ता कितीही बदलला तरी अडत नाही. त्यासाठी सर्व्हरला योग्य परवानग्यांची आयएएम भूमिका द्यावी लागली. एजंट बंद पडला तर मात्र ही वाटही बंद होते, म्हणून पोर्ट २२ चा नियम तात्पुरता कसा घालायचा, ते सहकारी मुलीला लिहून दिलं. मग सकाळी घातलेला नियम काढला आणि नव्या वाटेने पुन्हा लॉगिन करून खात्री केली.