अक्कलदाढेभोवतीची काळी पोकळी

समजा, विशीतला एक मुलगा ओपीडीत आलाय. खालच्या जबड्याच्या कोनाशी वर्षभर हळूहळू वाढलेली सूज. दुखत नव्हती, म्हणून त्याने अंगावर काढली. तोंडात त्या बाजूची अक्कलदाढ दिसत नाही. ओपीजीत ती हाडात अडकलेली सापडते आणि तिच्या मुकुटाभोवती स्वच्छ कडेची काळी पोकळी दिसते.

विद्यार्थी लगेच म्हणतो, डेंटिजेरस सिस्ट. अंदाज चांगला आहे. न उगवलेल्या दाताच्या मुकुटाभोवतीच्या आवरणात द्रव साचून ही सिस्ट होते आणि तिची भिंत दाताच्या मानेला चिकटलेली असते. पण हुबेहूब असंच चित्र केरॅटोसिस्ट आणि युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमासुद्धा दाखवतात. पहिली सिस्टच, दुसरा मात्र ट्यूमर.

केरॅटोसिस्ट हाडाच्या पोकळ गाभ्यातून लांबीच्या दिशेने पसरते, जबडा फारसा फुगवत नाही. सुईने ओढलं तर घट्ट, पांढरट गाळ येतो. (२००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला ट्यूमर ठरवलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणून बसवलं. विद्यार्थ्यांनी कपाळावर हात मारला असेल तर नवल नाही.) आपल्या मुलाचा जबडा बाहेर फुगलाय आणि सुईत पातळ पिवळसर द्रव आला, त्यामुळे ती मागे पडते. उरलेल्या दोघांत निवाडा एक्स-रे करू शकत नाही. शेजारच्या दाढेची मुळं झिजलेली दिसली तर अमेलोब्लास्टोमाचा संशय वाढतो, पण डेंटिजेरस सिस्टही मुळं झिजवते.

म्हणून सिस्टचं अस्तर पाहायचं. डेंटिजेरसचं अस्तर साधं, दोन-चार थरांचं, चपट्या पेशींचं. अमेलोब्लास्टोमात तळाच्या पेशी उंच होऊन ओळीत उभ्या राहतात, त्यांची गडद केंद्रकं तळपटलापासून दूर सरकतात आणि पेशीत रिकामे कप्पे दिसतात. व्हिकर्स आणि गॉर्लिन यांनी १९७० मध्ये सांगितलेल्या खुणा त्या याच.

खरी गोम इथेच आहे. अमेलोब्लास्टोमाचं अस्तरही बऱ्याच भागात अगदी साधं असू शकतं आणि सूज आलेल्या जागी या खुणा पुसल्या जातात. आपल्या मुलाच्या छोट्या बायोप्सीत ‘डेंटिजेरस’ असाच रिपोर्ट आला. नंतर अख्खी पिशवी काढून आली, तेव्हा भिंतीत एका जागी जाडसर गाठ हाताला लागली. तिथून काप घेतला आणि भिंतीच्या आत अमेलोब्लास्टोमाची बेटं दिसली. हा म्युरल प्रकार. म्हणून पिशवी पूर्ण तपासायची आणि जाड भागातून काप घ्यायचेच.

ट्यूमर नुसता अस्तरापुरता असता, तर पिशवी काढून लक्ष ठेवणं बहुधा पुरलं असतं. म्युरलमध्ये पेशी एक्स-रेवर दिसणाऱ्या कडेपलीकडे हाडात शिरलेल्या असू शकतात. त्यामुळे अनेक सर्जन तो नेहमीच्या अमेलोब्लास्टोमासारखा धरून कडेचं एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. गाठ कित्येक वर्षांनीही परतू शकते, म्हणून या मुलाला पुढेही ठरावीक काळाने ओपीजीसाठी बोलवावं लागेल.