वन्संना पाठवलेले एकवीस दाणे

लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हटली की काळी साडी, हलव्याचे दागिने आणि हळदीकुंकू एवढं सगळ्यांना आठवतं. त्या दिवसांत नवी सून आणखी एक काम करत असे, ते म्हणजे दूर सासरी असलेल्या नणंदेला तिळगुळाचं पत्र लिहिणं. मोजकी दहाबारा वाक्यं आणि पाकिटाच्या तळाशी हलव्याचे थोडे दाणे, एवढाच तो ऐवज. आमच्या घरात असं एक पत्र जपलेलं आहे. माझ्या आईनं ते १६ जानेवारी १९७४ रोजी वाईहून नागपूरला, आत्याला लिहिलं होतं. हे पत्र लिहिणं किती नाजूक काम होतं, ते त्या एका पत्रावरून समजतं.

आधी तारखेविषयी. संक्रांत चौदाची होती. पंधराला किंक्रांत, तो दिवस टळू दिला आणि सोळाला पत्र लिहिलं. याला उशीर म्हणत नाहीत. तिळगूळ आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे पोस्टाला चारआठ दिवस लागले तरी पत्र सणातच पोचतं. शिवाय सण उरकल्यावर लिहिलं की सांगायला काहीतरी असतं.

दुसरी गोष्ट पाकिटाची. आंतर्देशीय पत्र स्वस्त पडायचं, पण त्यात काही घालून पाठवायला मनाई असते. म्हणून संक्रांतीला पाकीटच लागायचं. त्यात लाडू किंवा वडी घालून चालत नाही. तिळाचं तेल कागदावर उतरतं, गूळ ओल धरतो आणि अक्षरं फुटतात. काटेरी हलवा मात्र कोरडा असतो. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद शेगडीवर चमचाचमचा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं, मग दाण्यावर साखरेचे पापुद्रे चढतात आणि काटा फुटतो. हे काम दोनतीन दिवस पुरतं. हवा दमट झाली की काटा बसतो, म्हणून थंडीच हवी. असा दाणा आठवडाभर कागदात राहिला तरी डाग पडत नाही. त्याला भीती असते ती पोस्टाच्या ठशाची. तिकीट उजवीकडे वर असतं आणि ठसा तिथेच बसतो, म्हणून जाणत्या बायका हलव्याची पुडी डावीकडे खालच्या कोपऱ्यात टाक्यानं अडकवून ठेवत. आईच्या पत्राच्या त्या कोपऱ्यात दोऱ्याची दोन भोकं अजून दिसतात.

आता मजकूर. मायना आहे: ‘ति. सौ. वन्सं यांस, सा. न. वि. वि.’ आत्या बाबांपेक्षा मोठी, म्हणून साष्टांग नमस्कार सरळ होता. नणंद नवऱ्यापेक्षा धाकटी असली की सुनेची पंचाईत व्हायची. आशीर्वाद लिहावा तर आगाऊपणा दिसतो आणि नमस्कार लिहावा तर नणंदच संकोचते.

खरी अडचण पुढच्या वाक्यात असते. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे शेजारणीला सहज म्हणता येतं. नव्या सुनेनं ते मोठ्या नणंदेला लिहिलं तर त्यातून वेगळाच अर्थ निघू शकतो: म्हणजे एरवी मी कडू बोलते की काय? नणंद-भावजयीच्या नात्याची आधीच इतकी चर्चा झालेली असते की साधं वाक्यही तिरकं वाचलं जातं. आईनं ही अडचण थट्टेनं सोडवली, आणि थट्टेचा सगळा रोख स्वतःवर ठेवला.

‘सोबत हलव्याचे एकवीस दाणे आहेत, मोजून घ्यावेत. कमी भरले तर पोस्टाला दोष द्यावा, जास्त भरले तर मला मोजता येत नाही असं समजावं. लाडू पाठवणार होते, पण मी केलेल्या लाडवांना तिकिटं लावायची तर घर विकावं लागेल. काल सासूबाईंनी एक खलबत्त्यात घातला, तर बत्ता उडाला, लाडू जागेवर. धाकटे भाऊजी म्हणतात, संक्रांतीला हेच लाडू बरे. तोंडात असेपर्यंत कोणाला वाईट बोलताच येत नाही.’

त्यानंतर ते अवघड वाक्य येतं, पण उलटं होऊन: ‘गोड कसं बोलावं हे आपल्याकडून शिकायचं आहे. तोवर माझ्या चुका गोड मानून घ्याव्यात.’ आज्ञा होती तिची अशी विनंती झाली.

शेवटच्या परिच्छेदात थट्टा नाही. ‘अंगणातल्या बोरीला यंदा खूप बोरं आली. सुगडांत घालायला घरचीच पुरली. आपण लावलेली शेवंती अजून फुलते आहे, सासूबाईंनी वाणाच्या ताटात तीच ठेवली.’ मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. सुनेचं सासर हेच नणंदेचं माहेर असतं. नवी सून आली की लेकीला धास्ती वाटते, आपली जागा तिथे राहिली का? आईनं तिला धीराचे शब्द लिहिले नाहीत. बोर आणि शेवंती जागच्या जागी आहेत, एवढंच कळवलं. ज्या घरात आत्या वाढली त्या घराची बातमी आता भावजयीकडून येणार होती, आणि पहिलीच बातमी चांगली आली.

आत्याचं उत्तर रथसप्तमीच्या आत आलं. त्यात कौतुक एका ओळीचं आणि बाकी सगळा पाक. ‘एक वाटी भाजलेल्या तिळाला पाऊण वाटी चिक्कीचा गूळ पुरे. पाक रंगावरून ओळखू नकोस. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाक. पसरला तर कच्चा, लाडू बसतील. गोळी होऊन बोटानं दाबली जाते तेव्हा लाडवाचा. वाटीवर टण्ण वाजली तर चिक्कीचा, लाडू बत्त्याला दाद देणार नाहीत. तुझा बहुधा वाजला. गोळी झाली की पातेलं लगेच उतरव, तापलेल्या पातेल्यात पाक पुढे शिजत राहतो. तीळ आणि दाण्याचा कूट आधीच मोजून हाताशी ठेव.’

आईची चूक नेमकी हीच होती. पाक झाल्यावर ती दाण्याचा कूट शोधायला फडताळाकडे गेली होती. आत्यानं ते शंभर कोसांवरून ओळखलं, कारण स्वयंपाकघर तिच्या ओळखीचं होतं. फडताळ चुलीपासून किती लांब आहे ते तिला ठाऊक होतं. आणि लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पत्रातल्या ‘आपण’ला उत्तर आलं ते ‘तू’ म्हणून. ती जवळीक थोरल्या नणंदेनंच द्यायची असते, सुनेनं घ्यायची नसते.

पुढे छापील भेटकार्डं आली. त्यांत ओळी तयार मिळू लागल्या आणि हलव्याची पुडीही आधीच चिकटवलेली. आता फोनवर तिळगुळाचं चित्र येतं आणि कुरिअरनं लाडवांचा डबासुद्धा पोचतो. गोडाची सोय वाढली आहे. अंगणातली बोर मात्र त्या चित्रात नसते, ती कुणीतरी बघून लिहावी लागते.

पुढल्या वर्षी आईनं लाडूच पाठवले, नागपूरला निघालेल्या एका नातेवाइकांबरोबर, डब्यातून. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘वन्सं, वाटीवर वाजला नाही.’