एकाच वेळी भरणं आणि उपसणं

रात्री भिंतीतल्या चार्जरला पॉवर बँक आणि पॉवर बँकेला मोबाइल, अशी आगगाडी अनेक घरांत लागते. सकाळी पॉवर बँक हाताला चांगलीच गरम लागते. का?

आतल्या लिथियम सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट, तर यूएसबीचा ५. त्यामुळे आत येणारी वीज उतरवावी लागते आणि बाहेर देताना पुन्हा चढवावी लागते. दोन्ही वेळा दहाएक टक्के वीज उष्णता होऊन जाते, असं धरू. चार्जर १० वॉट देतो, त्यातले ९ आत पोहोचतात. मोबाइलला १० वॉट द्यायला मात्र ११ लागतात. तूट सेलमधून भरली जाते आणि बंद डबीत दोन वॉट उष्णता कोंडते.

पुढे मोबाइल भरला की सेलही काठोकाठ, ४.२ व्होल्टपर्यंत भरतो, तोही तापलेला असतानाच. याच अवस्थेत त्यातली रसायनं लवकर झिजतात, वायू धरतो. डबी फुगली, शिवण उकलली, तर ती वापरू नका, ई-कचऱ्यात द्या.

आधी मोबाइल थेट चार्जरवर भरा, मग पॉवर बँक.